एकाच निफ्टीला स्ट्राइकगणिक वेगळी व्होलॅटिलिटी कशी?

प्रश्न: एक्सेलमध्ये ब्लॅक-शोल्सचं शीट बनवलंय. एटीएमवरून १३ टक्के व्होलॅटिलिटी निघाली, तीच सगळ्या स्ट्राइकना लावली. मधले स्ट्राइक जुळतात, पण निफ्टीचे लांबचे पुट माझ्या शीटपेक्षा फारच महाग आणि लांबचे कॉल स्वस्त दिसतात. शीट चुकलंय का? नसेल, तर महाग पुट विकून स्वस्त कॉल घेणं हा सरळ फायदा नाही का?

उत्तर:

शीट बहुधा बरोबर आहे. गडबड आहे ती त्याला दिलेल्या एका गृहीतकात: महिनाभर निफ्टीची व्होलॅटिलिटी एकच राहील आणि भाव गॅप न पडता सरकत जाईल. बाजारात हे कुणीच मानत नाही, म्हणून कुणी त्या भावाला पुट विकतही नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिथे जो फरक दिसतो तो एका जोखमीचा मोबदला आहे, आणि ती जोखीम तुमच्या शीटला दिसतच नाही. मोबदला पुरेसा आहे का, हे मात्र तुमचं भांडवल, एक्स्पायरीला उरलेले दिवस आणि पोझिशन किती झटपट सावरता येते यावर ठरतं. त्याचं सरसकट उत्तर मी देणार नाही. मुंबईत एका ब्रोकरच्या डेस्कवर मी बरीच वर्षं इंडेक्स ऑप्शन सांभाळले. तिथे हा हिशेब कसा करायचो ते सांगतो.

आकडे धरून बोलू. हे आकडे कुठल्या एका दिवसाचे नाहीत, मी उदाहरणासाठी घेतलेत, पण त्यांचा आकार तुम्हाला कुठल्याही शांत महिन्यात दिसेल. निफ्टी फ्यूचर २५,००० ला आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत. व्याजाचा परिणाम एवढ्या मुदतीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तो सध्या सोडून देऊ.

| ऑप्शन | १३ टक्क्यांनी येणारी किंमत | बाजारभाव | त्यातून निघणारी आयव्ही |
|---|---|---|---|
| २२,५०० पुट | ०.६० | १७.६० | २० टक्के |
| २३,५०० पुट | १८.२० | ४५.५० | १६ टक्के |
| २५,००० कॉल किंवा पुट | ३७२ | ३७२ | १३ टक्के |
| २६,५०० कॉल | २४.३० | १६.४० | १२ टक्के |

दुसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून बघा. दोन्ही स्ट्राइक फ्यूचरपासून १,५०० पॉइंटवर आहेत. तुमचं शीट म्हणतं कॉल २४ ला आणि पुट १८ ला, म्हणजे कॉल महाग. त्याचं कारण सूत्रातच आहे: तिथे भाव वर कितीही जाऊ शकतो, पण शून्याखाली जात नाही, त्यामुळे वरची बाजू किंचित लांब असते. बाजार मात्र पुटला कॉलच्या पावणेतीनपट किंमत देतोय. म्हणजे मतभेद केवळ किमतीच्या आकड्याचा नाही, कुठली बाजू महाग यावरच मत उलटं आहे. एखाद-दुसऱ्या स्ट्राइकवर असं झालं तर ती चूक म्हणता आली असती. रोज, सगळ्या एक्स्पायरींमध्ये, दुनियेतल्या बहुतेक शेअर निर्देशांकांवर असं होतं.

आता आयव्ही म्हणजे नेमकं काय हे आधी साफ करून घेऊ, कारण पुढचा बराच घोळ इथून सुरू होतो. १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्राला पाच गोष्टी लागतात: मूळ भाव, स्ट्राइक, मुदत, व्याजदर आणि व्होलॅटिलिटी. पहिल्या चार स्क्रीनवर दिसतात. पाचवी पुढच्या महिन्यात काय घडेल त्याबद्दलची आहे, ती दिसत नाही. म्हणून आपण उलटं जातो. बाजारभाव हातात घेतो आणि कुठली व्होलॅटिलिटी घातली की सूत्रातून तोच भाव बाहेर पडेल ते शोधतो. तो आकडा म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी. तेव्हा आयव्ही हा भावच आहे, फक्त वेगळ्या मापात सांगितलेला. फ्लॅटचा भाव चौरस फुटाच्या दरात सांगतात, तसंच. एकाच इमारतीत दहाव्या मजल्याचा दर तळमजल्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून दहाव्या मजल्यावरचा चौरस फूट मोठा आहे असं कुणी म्हणत नाही. ‘२३,५०० ला व्होलॅटिलिटी १६ आणि २५,००० ला १३’ याचा अर्थ निफ्टी दोन वेगवेगळ्या वेगांनी हलणार आहे असा नाही. निफ्टी एकच आहे, हलणंही एकच आहे. आणि म्हणूनच गृहीतक खरं असतं तर सगळ्या स्ट्राइकमधून एकच आकडा निघायला हवा होता. तो निघत नाही, याचा अर्थ बाजाराच्या मनात भावाची जी वाटणी आहे ती सूत्रातल्या घंटेच्या आकाराची नाही.

ती वाटणी भावांमधून वाचता येते, आणि इथे बरेच अनुभवी लोकही घसरतात. २३,५०० खाली एक्स्पायरी होण्याची शक्यता किती? १३ टक्के धरले तर सूत्रातला `N(-d2)` सुमारे ५ टक्के येतो. मग मंडळी त्या स्ट्राइकची स्वतःची आयव्ही म्हणजे १६ घालतात, ९.२ टक्के येतात, आणि ‘बाजाराला दुप्पट भीती वाटतेय’ असा निष्कर्ष निघतो. हे चूक आहे. स्ट्राइक बदलला की आयव्हीही बदलते, तो उतार हिशेबात घ्यायला हवा. त्यासाठी सूत्राची गरजच नाही. शेजारचे दोन पुट घ्या. वरच्या उतारावर २३,४०० चा पुट ४०.०५ ला आणि २३,६०० चा ५१.९० ला बसतो. फरक ११.८५. दोन स्ट्राइकमधल्या २०० ने भागा: ५.९ टक्के. निफ्टी या दोन्हींच्या खाली गेला तर या स्प्रेडमधून पूर्ण २०० मिळतात, वर राहिला तर काही नाही. म्हणून हा भागाकार म्हणजे त्या शक्यतेची बाजारातली किंमत.

म्हणजे ५ चे झाले फक्त ५.९. मग एवढा महाग पुट कशासाठी? हाच हिशेब २२,५०० ला करा. एकाच व्होलॅटिलिटीच्या जगात तिथे पाव टक्का शक्यता येते. बाजारभावातून सुमारे दीड टक्का येते, म्हणजे सहापट. स्ट्राइकगणिक आयव्ही अशी बदलते त्याला ‘स्माइल’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ इथे कळतो. सहा टक्के पडझडीची शक्यता बाजार थोडीच वाढवून धरतो. पण पडायला लागलं तर कुठवर जाईल, ते फार खोल धरतो. २३,५०० चा पुट महाग आहे तो त्या खोलीसाठी, कारण २२,००० ला एक्स्पायरी झाली तर विकणाऱ्याला १,५०० द्यावे लागतात. एक गोष्ट इथेच सांगतो: हे दीड टक्का म्हणजे प्रत्यक्षात घडण्याची शक्यता नव्हे. त्यात लोक संरक्षणासाठी जे जास्तीचे पैसे मोजतात तेही मिसळलेले आहेत, आणि नुसत्या ऑप्शनच्या भावांवरून हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत.

आता कारणांकडे. मला स्वतःला सगळ्यात पटणारं पहिलं कारण आकड्यांनी लगेच दिसतं. समजा पुढच्या महिन्याची व्होलॅटिलिटी १३ असेल हे कुणालाच ठाऊक नाही. निम्मी शक्यता १० ची, निम्मी १६ ची. सरासरी १३ च. एटीएम ऑप्शन १० ला २८६ आणि १६ ला ४५७.५ होतो, सरासरी पुन्हा ३७२. काहीच फरक नाही. २३,५०० चा पुट मात्र १० ला ३.८ आणि १६ ला ४५.६ होतो, सरासरी २४.७. तुमचं शीट १८.२ म्हणत होतं. व्होलॅटिलिटी कमी झाली तर लांबच्या पुटचं फार काही जात नाही, कारण त्यात जाण्यासारखं होतंच किती. वाढली तर तो अनेक पटींनी वाढतो. तेव्हा नुसत्या अनिश्चिततेनेच दोन्ही टोकांचे ऑप्शन महाग होतात आणि आयव्हीचा आलेख दोन्ही बाजूंनी वर वळतो. ‘स्माइल’ हे नाव त्या आकारावरून पडलं. चलनांच्या ऑप्शनमध्ये हा दोन्हीकडे वळलेला आकार अजून बऱ्यापैकी दिसतो, कारण तिथे एका चलनाची पडझड म्हणजे दुसऱ्याची तेजी असते.

आणि व्होलॅटिलिटी बदलते हे काही कागदावरचं नाही. इंडिया व्हिक्स २०२० च्या जानेवारीत बहुतेक दिवस २० च्या खाली होता. २३ आणि २४ मार्चला तो ७० च्या वर होता. जानेवारीत तीन महिन्यांचा ऑप्शन एकच व्होलॅटिलिटी धरून विकणाऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

पण नुसत्या अनिश्चिततेने पुट २४.७ वर येतो, बाजारभाव ४५.५ आहे. शिवाय हे कारण दोन्ही बाजूंना सारखं लागू पडतं, आणि आपल्याकडे तर कॉलची बाजू उलट उतरलेली दिसते. उरलेला भाग या गोष्टीतून येतो की निर्देशांकाची व्होलॅटिलिटी दिशा बघून वाढते. बाजार पडतो तेव्हा ती वाढते, हळूहळू चढतो तेव्हा उतरते. निफ्टी २३,५०० ला पोचेल ती वाटच अशी असेल की तिथे पोचेपर्यंत रोजची हालचाल दुप्पट झालेली असेल. २६,५०० ला बहुधा रोज थोडं थोडं चढत जाईल. म्हणून खालच्या स्ट्राइकची आयव्ही जास्त, वरच्याची कमी. या एकांगी उताराला डेस्कवर आम्ही स्क्यू म्हणतो. निफ्टीच्या बाबतीत स्माइलपेक्षा हाच शब्द जास्त ऐकाल. अगदी लांबच्या कॉलना आयव्ही पुन्हा थोडी वर वळते, तेही बरोबर आहे: १८ मे २००९ ला निवडणूक निकालांनंतर निफ्टीला वरचं सर्किट लागलं होतं. वर उडीही बसते, पण क्वचित.

यानंतर गॅप. १३ टक्के वार्षिक व्होलॅटिलिटी म्हणजे दिवसाला १३ भागिले सुमारे १६, म्हणजे ०.८ टक्के. घंटेच्या आकाराच्या वाटणीत पाच-सहा टक्क्यांचा दिवस मग कुणाच्या आयुष्यात येऊ नये. ४ जून २०२४ ला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला आणि पुढच्या तीन सत्रांत तो भरूनही निघाला. २३ मार्च २०२० ला एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. या दोन दिवसांत फरक आहे, तो लक्षात घ्या. मार्च २०२० मध्ये व्होलॅटिलिटी आधीच प्रचंड चढलेली होती, त्यामुळे तो दिवस ‘बदलत्या व्होलॅटिलिटी’च्या चौकटीत बऱ्यापैकी बसतो. जून २०२४ चा दिवस त्यात सहज बसत नाही. तो एका बातमीने मारलेली उडी होता. म्हणून मॉडेल बनवणाऱ्यांना दोन्ही गोष्टी लागतात, आणि मुदत जितकी कमी तितकी उडी महत्त्वाची. आठवड्याच्या ऑप्शनचा स्क्यू एवढा तीव्र असतो तो याच कारणाने.

याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्याआधी तिथल्या निर्देशांक ऑप्शनची आयव्ही स्ट्राइकनुसार बरीच सपाट असायची, म्हणजे तुमच्या शीटसारखीच. त्यानंतर खालच्या स्ट्राइकची आयव्ही चढली ती आजतागायत चढलेलीच आहे. सूत्र तेच राहिलं, विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत बदलली.

शेवटचं कारण मागणी-पुरवठ्याचं. शेअर्स धरून बसलेल्यांना पुट हवे असतात, आणि हाताशी शेअर असल्यावर वरचे कॉल विकून थोडं उत्पन्न काढणारेही पुष्कळ असतात. एका बाजूला खरेदीदार, दुसऱ्या बाजूला विक्रेते. सूत्राच्या जगात याने फरक पडत नाही, कारण तिथे विकणारा सतत हेज करून जोखीम शून्यावर आणू शकतो. खऱ्या बाजारात साडेतीनला घंटा होते आणि सकाळी सव्वानऊपर्यंत तुम्ही निफ्टीत काहीच करू शकत नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात असं: व्होलॅटिलिटी स्वतः बदलते म्हणून टोकं महाग होतात, पडताना वाढते म्हणून खालचं टोक जास्त महाग होतं, रात्रीत उडी बसते आणि ती हेज करता येत नाही म्हणून विकणारा आणखी मागतो.

मग तुमचा व्यवहार करून बघू. २३,५०० चा पुट ४५.५० ला विकला, २६,५०० चा कॉल १६.४० ला घेतला. शीटप्रमाणे पुटवर २७.३ आणि कॉलवर ७.९ मिळून ३५ रुपयांचा ‘फुकट’ फायदा. दोन्ही पाय तेजीचे आहेत हे आधी लक्षात घ्या, म्हणजे निफ्टीच्या दिशेची जोखीम काढायला फ्यूचर विकावं लागेल. किती? १३ टक्क्यांनी पुटचा डेल्टा ०.०४७ आणि कॉलचा ०.०६१, मिळून ०.१०८. तेवढं विकलं समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाईट बातमीने फ्यूचर ५ टक्के खाली, २३,७५० ला उघडलं. आयव्ही जागेवर राहिली असती, म्हणजे १३ च असती, तरी पुट सुमारे २३५ चा झाला असता. पण अशा सकाळी ती जागेवर राहत नाही. त्या स्ट्राइकला २० धरा (हे फार नाही): पुट ४१५ चा. कॉल दीड-दोन रुपयांवर येतो. पुटवर तोटा ३७०, कॉलवर १५. विकलेल्या फ्यूचरवर १,२५० पॉइंट गुणिले ०.१०८, म्हणजे १३५ मिळाले. निव्वळ तोटा २५०. दरमहा ३५ चा हिशेबी फायदा, आणि एक सकाळ सात महिन्यांची कमाई घेऊन जाते. डेल्टा बाजाराच्या आयव्हीने काढला असता तर तो ०.१३ आला असता आणि तोटा २२० वर थांबला असता. बरं, पण तारणारं नाही. शिवाय त्या सकाळी ब्रोकर मार्जिन वाढवून मागतो ते वेगळंच. पैसे नसले तर पोझिशन सगळ्यात वाईट भावाला कापली जाते, आणि मग निफ्टी तीन दिवसांत परत आला तरी त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

याचा अर्थ पुट विकणं मूर्खपणा आहे असं नाही. निर्देशांक ऑप्शनची आयव्ही नंतर प्रत्यक्ष दिसणाऱ्या व्होलॅटिलिटीपेक्षा बहुतेक काळ थोडी वर असते, आणि विकणारे त्यावर जगतात. पण तो धंदा विमा विकण्याचा आहे. कुणीतरी भाव चुकीचा लावला म्हणून मिळणारे पैसे ते नाहीत. पुट विकून त्याखालचा पुट घेतला, उदाहरणार्थ २२,५०० चा १७.६० ला, तर तोट्याला तळ मिळतो. पण मग तुमच्या लक्षात येईल की तुम्ही १६ आयव्हीने विकून २० आयव्हीने विकत घेताय. शीटमध्ये दिसणारा बराचसा फायदा तिथेच परत जातो.

आता शीटमध्ये काय दुरुस्त करायचं. पहिली गोष्ट स्पॉटऐवजी फ्यूचर किंवा त्याहून बरं म्हणजे ऑप्शनमधूनच निघणारा फॉरवर्ड वापरा. निफ्टी ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे ते मुदतीआधी वापरता येत नाहीत. त्यामुळे एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटमधून एकच आयव्ही निघायलाच हवी. ऑप्शन चेनवर २५,००० च्या कॉलला ११ आणि पुटला १५ दिसले, तर तो स्माइल नाही, फॉरवर्ड किंवा व्याजदर चुकीचा घेतलेला आहे. त्यासाठी आणि वर सांगितलेल्या शक्यतेसाठी एवढंच पुरतं:

```
F    = K + (C - P) * EXP(r * T)
prob = (P_hi - P_lo) / (K_hi - K_lo) * EXP(r * T)
```

पहिल्या ओळीत एटीएम स्ट्राइक आणि त्याचे कॉल-पुट घाला, दुसरीत शेजारच्या दोन पुटचे भाव. उदाहरणात मी व्याज सोडलं होतं, शीटमध्ये सोडू नका.

दुसरी गोष्ट, आयव्ही फक्त आउट ऑफ द मनी ऑप्शनमधून काढा: फॉरवर्डच्या खाली पुट, वर कॉल. खोल इन द मनी ऑप्शनचा भाव मुख्यतः अंतर्गत मूल्याचा असतो, त्यात दोन रुपयांचा बिड-आस्क फरक आयव्ही कुठल्या कुठे नेतो. आणि शेवटचा व्यवहार झालेला भाव घेऊ नका, बिड आणि आस्कचा मध्य घ्या.

तिसरी, प्रत्येक स्ट्राइकला त्याची स्वतःची आयव्ही ठेवा आणि मधल्या स्ट्राइकसाठी आयव्हीमध्ये सरासरी काढा, भावांमध्ये नाही. वक्र बसवून झाला की दुसऱ्या ओळीतला आकडा सगळ्या स्ट्राइकवर चालवून बघा. स्ट्राइक वाढत गेला की तो वाढतच जायला हवा. कुठे उलटा फिरला, तर तुमच्या वक्राने त्या पट्ट्यात उणे शक्यता काढली आहे. वक्र चुकला, बाजार नाही.

मोठी मॉडेल्स शिकायची की नाही, हे तुम्ही काय करता त्यावर आहे. १९९४ मध्ये ड्युपिर यांनी, आणि त्याच वर्षी डर्मन व कानी यांनी, लोकल व्होलॅटिलिटी मांडली. ती आजचे सगळे भाव तंतोतंत जुळवते, पण बाजार हलल्यावर स्माइल कुठे सरकेल हे बरेचदा चुकीचं सांगते. १९९३ चं हेस्टन मॉडेल व्होलॅटिलिटीलाच हलू देतं. त्यात महिन्यांचा स्क्यू ठीक बसतो, आठवड्याचा कमी पडतो. मर्टननी १९७६ मध्येच भावात उड्या घातल्या होत्या. आठवड्याच्या ऑप्शनना त्या लागतात. साधे कॉल-पुट खरेदी-विक्री करणाऱ्याला यातलं एकही रोज लागत नाही. बॅरियरसारखे ऑप्शन विकणाऱ्या बँकेला लागतं, कारण त्यांचे भाव स्क्रीनवर नसतात.

आणि एखादा पुट खरंच महाग आहे का, हे बघायचं असेल तर १३ शी तुलना सोडा. शेजाऱ्यांशी करा. २३,४०० ला १६.३ आणि २३,६०० ला १५.७ असताना २३,५०० ला १६ असेल तर तिथे काही नाही. १७.५ दिसले, तर आधी तो सौदा किती वाजता झालाय ते बघा. दहापैकी नऊ वेळा तो जुना भाव निघतो. दुसरी तुलना त्याच स्क्यूच्या मागच्या काही महिन्यांशी: एवढ्याच मुदतीला, फॉरवर्डपासून एवढ्याच अंतरावर, एटीएमपेक्षा किती टक्के जास्त मिळत होते? नेहमी ३ मिळतात आणि आज ५ मिळत असतील, तर कॅलेंडर उघडा. पुढच्या ३० दिवसांत बजेट, निकाल किंवा रिझर्व्ह बँकेची बैठक आहे का ते पाहा, आणि असेल तर ते दोन टक्के कशाचे आहेत ते तुम्हाला कळलं.